मध्यस्थीत सही झाली म्हणजे सगळं मिटलं का? कौटुंबिक वादातील तडजोडनामा कुणाला, कधी आणि किती बांधतो

कोर्टाने मध्यस्थीला पाठवलं. तीन-चार बैठका झाल्या. शेवटी दोघांनी कागदावर सह्या केल्या, घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दोन महिन्यांनी समोरचा म्हणतो, "मला ते मान्य नाही. तेव्हा दबावाखाली सही केली होती." आता तो कागद कामाचा आहे की नाही?

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि अनेकांची फसगत नेमकी इथेच होते. तडजोडनामा एकच असतो, पण त्यातल्या प्रत्येक अटीची ताकद वेगवेगळी असते. पैशाची अट कोर्टाच्या आदेशात आली की पक्की होते. घटस्फोटाला दिलेली संमती मात्र हुकूमनामा होईपर्यंत मागे घेता येते. पोलीस केस दोघांच्या सह्यांनी संपत नाही. मुलाच्या ताब्याची अट तर कधीच कायमची बंद होत नाही.

हे नीट समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण त्यातले टप्पे खऱ्या प्रकरणांत असतात तसेच आहेत.

ढाणकीचं एक उदाहरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातलं ढाणकी हे गाव. समजा, इथल्या एका मुलीचं लग्न २०१९ मध्ये पैनगंगेपलीकडच्या, म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरच्या मुलाशी झालं. दोघेही हिंदू विवाह कायद्याखाली येतात. त्यांना पाच वर्षांचा मुलगा आहे. २०२३ पासून ती माहेरी राहते.

२०२५ मध्ये तिने दोन गोष्टी केल्या. उमरखेडच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयात स्वतःसाठी आणि मुलासाठी पोटगीचा अर्ज दिला. पूर्वी हा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली व्हायचा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. शिवाय तिने नवरा आणि सासू-सासऱ्यांविरुद्ध छळाची फिर्याद दिली. हे जुन्या ४९८-अ चं प्रकरण, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. बायको जिथे राहते तिथल्या कोर्टात पोटगीचा अर्ज चालतो, त्यामुळे तिला हिमायतनगरला जावं लागलं नाही.

पोटगीच्या तारखेला दोन्ही वकिलांनी सांगितलं की बोलणी होऊ शकतात. न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीला पाठवलं.

कोर्ट मध्यस्थीला का पाठवतं?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ मध्ये याची तरतूद आहे. हे कलम सध्याच्या रूपात १ जुलै २००२ पासून लागू आहे. २०१० मध्ये अफकॉन्स कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोणते वाद मध्यस्थीला योग्य आणि कोणते नाहीत याची यादीच दिली. नवरा-बायकोचे, पोटगीचे, मुलांच्या ताब्याचे वाद योग्य यादीत आहेत. २०१३ मध्ये न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की कौटुंबिक न्यायालयांनी वैवाहिक वाद मध्यस्थीने सोडवण्याचा पुरेपूर प्रयत्न करावा. छळाच्या फौजदारी खटल्यातही तडजोडीची शक्यता दिसली तर पक्षकारांना मध्यस्थीला पाठवावं, असंही त्या निकालात आहे.

मध्यस्थ हा न्यायाधीश नसतो. तो प्रशिक्षण घेतलेला वकील किंवा न्यायिक अधिकारी असतो. तो निकाल देत नाही, चूक कुणाची ते ठरवत नाही. कोर्ट तुम्हाला बैठकीला जायला सांगू शकतं, पण तडजोड कराच असं सांगू शकत नाही. जमलं नाही तर प्रकरण जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालतं.

कोर्टाने पाठवलेल्या मध्यस्थीसाठी पक्षकारांकडून साधारणपणे फी घेतली जात नाही. मध्यस्थाचं मानधन विधी सेवा यंत्रणेतून दिलं जातं. वकील परवडत नसेल तर कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मागता येतो.

खोलीत बोललेलं बाहेर जातं का?

बहुतेक लोक इथे घाबरतात. "मी दोन लाखांवर यायला तयार आहे असं म्हटलं, आणि उद्या ते कोर्टात माझ्याविरुद्ध वापरलं तर?"

तसं करता येत नाही. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं. २०१० च्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केलं की तडजोड झाली तर मध्यस्थाने फक्त सह्या झालेला तडजोडनामा कोर्टाकडे पाठवायचा. तडजोड झाली नाही तर "मध्यस्थी यशस्वी झाली नाही" एवढंच लिहायचं. कोण काय म्हणालं, कुणी काय देऊ केलं, यातलं काहीही अहवालात येत नाही.

मध्यस्थ दोघांना एकत्र बसवतो, तसाच वेगवेगळंही बोलावतो. एकाने खासगीत सांगितलेली गोष्ट तो परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. मुलांच्या ताब्याच्या वादात मात्र समुपदेशकाने मुलाशी बोलून दिलेला अहवाल कोर्ट पाहू शकतं, कारण तिथे मुलाचं हित आधी येतं.

काय ठरलं?

आपल्या उदाहरणातल्या दोघांनी चार बैठकांनंतर वेगळं व्हायचं ठरवलं. ठरलेल्या गोष्टी अशा:

- दोघे संमतीने घटस्फोट घेतील.
- पतीने पत्नीला एकूण ६ लाख रुपये एकरकमी द्यायचे.
- मुलगा आईकडे राहील. पती त्याच्यासाठी दरमहा ४,००० रुपये देईल.
- पती महिन्यातून दोन रविवारी मुलाला भेटेल.
- पतीच्या नावावरची एक एकर शेती मुलाच्या नावे करायची.
- पत्नी पोटगीचा अर्ज मागे घेईल आणि छळाची केस रद्द व्हायला सहकार्य करेल.

मध्यस्थाने हे लिहून काढलं, दोघांना मराठीत वाचून दाखवलं. दोघांच्या, दोन्ही वकिलांच्या आणि मध्यस्थाच्या सह्या झाल्या. कागद सीलबंद होऊन उमरखेडच्या कोर्टात गेला.

घरी फोन गेला, "मिटलं." पण कायद्याच्या दृष्टीने अजून फारसं काही झालेलं नव्हतं.

सही आणि आदेश यांत काय फरक आहे?

मध्यस्थासमोर सही झाली की तो दोघांमधला करार होतो. त्याच्या जोरावर वसुलीची जप्ती मागायची तर आधी कोर्टाचा आदेश लागतो.

दिवाणी प्रकरणात हे काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे होतं. तडजोड लेखी हवी, त्यावर पक्षकारांच्या सह्या हव्यात आणि ती कायदेशीर हवी. न्यायाधीश दोघांना समोर बोलावून विचारतात: हा कागद वाचला का, समजला का, कुणी जबरदस्ती केली का? समाधान झालं की तडजोड नोंदवून तिच्याप्रमाणे हुकूमनामा होतो. वकील या वेळी जी तडजोड पुरसिस दाखल करतात, ती म्हणजे हेच ठरलेलं कोर्टाला लेखी कळवणं. नुसतं तोंडी "मान्य आहे" म्हणणं पुरत नाही.

आपल्या उदाहरणात एक मोठी अडचण आहे. प्रकरण मध्यस्थीला गेलं ते पोटगीच्या अर्जातून, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातून. दंडाधिकारी पोटगीचा आदेश देऊ शकतात, घटस्फोट देऊ शकत नाहीत. त्यामुळे तडजोडनामा उमरखेडला दाखल झाला तरी दोघे कायद्याने नवरा-बायकोच राहतात. घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली वेगळा संयुक्त अर्ज करावा लागतो. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे तो वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात जातो. समजा, आपल्या जोडप्याने तो पुसदला केला.

म्हणून मध्यस्थीत बसताना एक प्रश्न विचारावा: यातली कोणती अट कोणत्या कोर्टात जाणार? एका कागदावर सहा अटी असल्या तरी त्या तीन वेगवेगळ्या दारांतून जाऊ शकतात.

पैशाची अट: आदेशात आली की पक्की

६ लाखांची अट पुसदच्या हुकूमनाम्यात आली की ती दोघांनाही बांधते. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर साधारणपणे अपील नाही. पतीने पैसे दिले नाहीत तर पत्नीला नवा दावा लावावा लागत नाही. त्याच हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी ती दरखास्त दाखल करते. मग पगार, बँक खातं, मालमत्ता यांवर जप्ती येऊ शकते. पतीची मालमत्ता नांदेड जिल्ह्यात असेल तर हुकूमनामा अंमलबजावणीसाठी तिथल्या कोर्टाकडे पाठवून घ्यावा लागतो. दरखास्तीसाठी साधारण १२ वर्षांची मुदत असते.

मुलाच्या दरमहा ४,००० रुपयांचं गणित थोडं वेगळं आहे. ही रक्कम कलम १४४ खालच्या आदेशात असेल तर थकबाकीसाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पुरेशा कारणाशिवाय पैसे न देणाऱ्याला वॉरंट निघतं, आणि तरीही थकबाकी राहिली तर प्रत्येक महिन्याच्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. "देईल कधीतरी" म्हणत दोन-तीन वर्षं थांबलेल्या अनेक बायकांची जुनी थकबाकी या मार्गाने मिळत नाही.

घटस्फोटाची संमती: शेवटच्या क्षणापर्यंत मोकळी

कलम १३-ब खाली दोनदा कोर्टासमोर यावं लागतं. पहिल्यांदा अर्ज दाखल करताना, आणि नंतर सहा ते अठरा महिन्यांच्या काळात, "आम्ही अजूनही ठाम आहोत" हे सांगायला. दोघे बऱ्याच काळापासून वेगळे असतील आणि पैसे, मूल यांचं सगळं ठरलं असेल तर सहा महिन्यांची वाट माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.

या मधल्या काळात कुणीही एकाने संमती मागे घेतली तर घटस्फोट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे स्पष्ट केलं आणि २००९ मध्ये पुन्हा सांगितलं की संमती हुकूमनाम्याच्या दिवसापर्यंत टिकलेली हवी. मध्यस्थीत सही केली होती म्हणून कोर्ट कुणाला जबरदस्तीने घटस्फोट देत नाही.

मग सहीला काही अर्थच नाही का? आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठासमोर २०१८ मध्ये नेमका हाच प्रश्न आला होता. न्यायालयाने म्हटलं की संमती द्यायला भाग पाडता येणार नाही. पण एखाद्याने कोर्टाला हमी दिली आणि मग योग्य कारणाशिवाय ती मोडली, तर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. हा निकाल महाराष्ट्रातल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण वकील त्याचा आधार घेतात.

इथे शब्दांना किंमत आहे. "दोघांना अटी मान्य आहेत" असं लिहिणं वेगळं, आणि "मी न्यायालयाला हमी देतो की अमुक तारखेपर्यंत अमुक करीन" असं लिहिणं वेगळं. कोर्टाला स्पष्ट हमी दिलेली नसेल तर केवळ ठरलेलं मोडलं म्हणून अवमान होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच म्हटलं आहे. म्हणून अनुभवी वकील तडजोडनाम्यासोबत वेगळं हमीपत्र घेतात.

पोलीस केस: सही पुरत नाही

कलम ८५ चा गुन्हा पक्षकारांनी आपसांत मिटवून संपत नाही. तो मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. पत्नीने "मला आता तक्रार नाही" असं लिहून दिलं तरी ती केस आपोआप बंद होत नाही.

ती रद्द करायची तर उच्च न्यायालयात जावं लागतं. गुन्हा उमरखेड तालुक्यात नोंदलेला असल्यामुळे आपल्या उदाहरणात हे काम मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात होईल. पूर्वी यासाठी कलम ४८२ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५२८ आहे. वैवाहिक वादातून आलेली फौजदारी केस खरी तडजोड झाली असेल तर उच्च न्यायालय रद्द करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये आणि मग २०१२ च्या मोठ्या निकालात सांगितलं. पत्नीचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि तडजोड खरी आहे याची न्यायालय खात्री करून घेतं.

पत्नीने पैसे घेतले, घटस्फोट घेतला आणि मग केस मागे घ्यायला नकार दिला तर? असं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २००५ मध्ये न्यायालयाने म्हटलं की तडजोडीचा फायदा घेऊन नंतर खटला चालू ठेवणं हा प्रक्रियेचा गैरवापर आहे, आणि तो खटला रद्द केला. म्हणजे पतीला मार्ग आहे. पण तो लांबचा आणि खर्चाचा आहे.

मुलाची अट: कायम बदलू शकणारी

आई-वडील मुलाच्या वतीने बोलतात, पण मुलाचा हक्क विकू शकत नाहीत. "आता मुलासाठी पुढे काहीही मागणार नाही" असं आईने लिहून दिलं तरी मुलाची पोटगी मागण्याचा हक्क संपत नाही.

ताबा आणि भेटीचंही तसंच आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असं प्रकरण होतं की संमतीने घटस्फोट झाला, मुलाच्या भेटीच्या अटी ठरल्या आणि नंतर आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. वडिलांचं म्हणणं होतं की ठरलेलं बदलता येणार नाही. न्यायालयाने म्हटलं की ताब्याचे आदेश अंतिम नसतात, परिस्थितीप्रमाणे बदलू शकतात, आणि मुलाला नेण्याची परवानगी कायम केली.

याचा अर्थ भेटीचा रविवार मनाला येईल तेव्हा टाळायचा असा नाही. आदेश आहे तोपर्यंत तो दोघांनी पाळायचा. बदल हवा असेल तर कोर्टाकडे अर्ज करायचा.

पत्नीने "पुढे पोटगी मागणार नाही" लिहिलं तर?

तडजोडनाम्यातली ही सर्वांत वादाची ओळ. कर्नाटकातल्या एका प्रकरणात पत्नीने पोटगीच्या अर्जात ८,००० रुपये एकरकमी घेऊन पुढची पोटगी सोडल्याचं लिहून दिलं होतं. तिने नंतर हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली वेगळा दावा केला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जुन्या कलम १२५ मधली तडजोड हा दुसरा दावा अडवू शकत नाही. निर्वाहाचा कायदेशीर हक्क कराराने असा पुसून टाकता येत नाही.

त्या प्रकरणात लग्न टिकून होतं. संमतीचा घटस्फोट होऊन, योग्य एकरकमी रक्कम प्रत्यक्ष मिळाली असेल, तर पत्नीला पुन्हा दार ठोठावणं अवघड जातं. म्हणून पतीच्या बाजूने पाहिलं तरी फार कमी रक्कम देऊन "सगळं मिटलं" लिहून घेणं सुरक्षित नसतं. पत्नीच्या बाजूने पाहिलं तर ही ओळ सही करण्याआधी दोनदा वाचायची आहे.

शेतीची अट: कोर्टाचा कागद पुरतो का?

पोटगीच्या किंवा घटस्फोटाच्या प्रकरणात ती एक एकर शेती वादाचा विषय नव्हती. नोंदणी कायद्याप्रमाणे, तडजोडीच्या हुकूमनाम्यात दाव्याबाहेरची स्थावर मालमत्ता आली तर त्या भागाची नोंदणी करावी लागते. म्हणजे नुसता हुकूमनामा घेऊन तलाठ्याकडे गेलं आणि सात-बारावर मुलाचं नाव चढलं, असं गृहीत धरता येत नाही.

सोपा उपाय म्हणजे तडजोडनाम्यातच लिहायचं: दुय्यम निबंधक कार्यालयात बक्षीसपत्र कोणत्या तारखेपर्यंत नोंदवायचं, गट नंबर कोणता, मुद्रांकाचा आणि नोंदणीचा खर्च कुणाचा, आणि फेरफार कोण करून घेणार. गट नंबर नसलेली "एक एकर शेती" ही अट पुढे नव्या भांडणाचं बीज ठरते. एक एकर कुठून, बांधाच्या कोणत्या बाजूने, विहीर धरून की सोडून?

मग अटी लिहायच्या कशा?

आपल्या जोडप्याचा पहिला मसुदा असा होता: "पती पत्नीला ६ लाख रुपये देईल आणि पत्नी सर्व केसेस मागे घेईल." ही ओळ धोक्याची आहे. आधी कोण? तिला वाटतं पैसे आधी, त्याला वाटतं केस आधी. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात आणि तडजोड तिथेच मरते.

सुधारलेला मसुदा असा झाला. घटस्फोटाचा संयुक्त अर्ज दाखल होईल त्या दिवशी २ लाखांचा डिमांड ड्राफ्ट. त्याच दिवशी पतीने उरलेले ४ लाख कोर्टात जमा करायचे. दुसऱ्यांदा जबाब होऊन घटस्फोट झाला की त्यातले २ लाख पत्नीला. उच्च न्यायालयात केस रद्द झाली की शेवटचे २ लाख. पत्नीने केस रद्द करण्यासाठीचं प्रतिज्ञापत्र कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं तेही लिहिलं. हप्ता चुकला तर व्याज किती, हेही लिहिलं. स्त्रीधनाची यादी वजनासह जोडली आणि ते परत मिळाल्याची पावती घेतली.

आता कुणी मागे फिरलं तरी दुसऱ्याचं सगळं जात नाही. पतीने अर्ध्यात सोडलं तर पैसे कोर्टात आहेत. पत्नीने संमती मागे घेतली तर ४ लाख अजून तिच्या हातात गेलेले नाहीत. कायदा जिथे कुणाला बांधू शकत नाही, तिथे हप्त्यांची रचना बांधते.

फसवून सही घेतली असेल तर?

दबाव, फसवणूक किंवा चुकीची माहिती देऊन घेतलेली तडजोड कायदेशीर ठरत नाही. पण ती रद्द करण्यासाठी नवा दावा लावता येत नाही. आदेश २३, नियम ३-अ ने तो मार्ग बंद केला आहे. ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली त्याच कोर्टात अर्ज करून सांगावं लागतं की ही तडजोड मुळात झालीच नाही किंवा ती बेकायदा आहे. सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर असते. न्यायाधीशांनी "जबरदस्ती झाली का?" विचारलं तेव्हा "नाही" म्हटलेलं असेल तर नंतर उलट सांगणं फार कठीण जातं. शंका असेल तर ती त्याच दिवशी, न्यायाधीशांसमोर सांगायला हवी.

स्टँप पेपरवरची सोडचिठ्ठी आणि लोकअदालत

गावात चार पंचांसमोर स्टँप पेपरवर लिहिलेली सोडचिठ्ठी ही कोर्टाची मध्यस्थी नव्हे. त्या समाजात घटस्फोटाची मान्य रूढी आहे हे सिद्ध झाल्याशिवाय तिने हिंदू विवाह संपत नाही. त्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर पुढे गुन्हा ओढवू शकतो. पोलिसांच्या समुपदेशनात लिहून दिलेला समजुतीचा कागदही हुकूमनामा नसतो.

लोकअदालत मात्र वेगळी. तिथे झालेला निवाडा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखाच मानला जातो आणि त्यावर अपील नाही. म्हणून पैशापुरती मध्यस्थीतली तडजोड अनेकदा लोकअदालतीसमोर ठेवून निवाडा घेतला जातो.

२०२३ मध्ये संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. त्याच्या कलम २७ मध्ये मध्यस्थीतला तडजोडनामा थेट हुकूमनाम्यासारखा अंमलात आणण्याची तरतूद आहे. पण ९ ऑक्टोबर २०२३ रोजी या कायद्याची काहीच कलमं लागू झाली, आणि त्यांत कलम २७ नव्हतं. कोर्टाने पाठवलेल्या प्रकरणात तडजोड कोर्टासमोर नोंदवून घेणं हाच भरवशाचा मार्ग आहे.

शेवटी हातात काय असायला हवं?

मध्यस्थी केंद्रातून मिळालेली झेरॉक्स पुरेशी नाही. आपल्या उदाहरणातल्या पत्नीकडे चार कागद हवेत: उमरखेडच्या कोर्टाचा पोटगीबाबतचा आदेश, पुसदच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि तिला जोडलेला तडजोडनामा, नागपूर खंडपीठाचा केस रद्द केल्याचा आदेश, आणि नोंदवलेलं बक्षीसपत्र. पतीकडेही पहिल्या तीनच्या प्रती आणि प्रत्येक हप्त्याची पावती हवी. यातला एखादा कागद नसेल, तर तेवढा भाग अजून मिटलेला नाही.